लय मराठीची, शब्द वक्त्याचा: औपचारिक भाषणाचा अनुवाद कसा करावा

औपचारिक भाषणाच्या अनुवादाची परीक्षा दोनदा होते. पहिली सभेत होते आणि ती कानांनी होते. वाक्य एकदाच ऐकू येते, मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय श्रोत्याला नसते. दुसरी परीक्षा काही महिन्यांनी होते, तेव्हा कुणीतरी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे करून विचारतो, "साहेबांनी असा शब्द दिला होता ना?" पहिलीसाठी मराठी मोकळी, बोलती हवी. दुसरीसाठी मूळ भाषणात जेवढे वचन होते तेवढेच मराठीत हवे, ना रतीभर जास्त, ना कमी. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात ते नेमके कुठे आणि त्यांची तडजोड कशी करायची, ते एका परिच्छेदावर काम करत पाहू.

नमुन्यासाठी हिंदीच घेतली आहे, कारण महाराष्ट्रात प्रमुख पाहुण्यांचे भाषण बऱ्याचदा हिंदीत येते आणि हिंदी सोपी वाटते म्हणून तिथेच जास्त घसरायला होते. पाणीपुरवठा योजनेच्या कार्यक्रमात शोभेल असा हा परिच्छेद मी रचला आहे:

"हमारी सरकार ने यह संकल्प लिया है कि आगामी वित्तीय वर्ष की समाप्ति तक, बजट की उपलब्धता के अधीन, इस ज़िले के सभी पात्र परिवारों को नल से जल उपलब्ध कराने का प्रयास किया जाएगा, जिसके लिए 1,250 करोड़ रुपये तक की राशि स्वीकृत की गई है, और हम किसी भी गाँव को पीछे नहीं छोड़ेंगे।"

घाईत केलेला, कानाला गोड लागणारा अनुवाद असा होतो: "पुढच्या मार्चपर्यंत जिल्ह्यात घरोघरी नळाला पाणी येणार! त्यासाठी साडेबाराशे कोटी रुपये दिले आहेत. एकही गाव तहानलेले राहणार नाही." टाळ्या पडतील यात शंका नाही. पण मूळ वक्त्याने दिलेली नाहीत अशी निदान चार वचने यात शिरली आहेत.

आधी वचनांची यादी, मग अनुवाद

पहिले वाक्य मराठीत लिहिण्याआधी मूळ भाषण हातात पेन्सिल घेऊन वाचावे आणि जिथे जिथे कुणी काही कबूल केले आहे तिथे खूण करावी. मग कोऱ्या कागदावर प्रत्येक वचन सुटे करून मांडावे: कोण करणार, काय करणार, कुणासाठी, किती, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर आणि किती ठामपणे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण भरत नाहीत.

वरच्या परिच्छेदात तीन वचने निघतात. पहिले पाण्याचे: सरकार, नळाने पाणी, सर्व पात्र कुटुंबे, आगामी आर्थिक वर्ष संपेपर्यंत, तरतूद असेल तर, आणि ठामपणाच्या रकान्यात "प्रयत्न". दुसरे पैशाचे: 1,250 कोटींची कमाल मर्यादा आणि स्थिती "मंजूर", म्हणजे दिलेले नाहीत, खर्च झालेले तर नाहीतच. तिसरे गावांचे: एकही गाव मागे सोडणार नाही. इथे ना प्रयत्न आहे ना मुदत. म्हणजे पहिल्या वचनाला वक्त्याने चार बाजूंनी कुंपण घातले आणि तिसरे मोकळे सोडले. यादी केली नसती तर हे दिसलेच नसते, आणि तिसऱ्याचा जोर नकळत पहिल्याला लागला असता.

ठामपणाच्या रकान्यासाठी मराठी कारभाराच्या भाषेत पायऱ्या तयारच आहेत. "काम पूर्ण केले आहे", "निर्णय घेतला आहे", "मंजुरी दिली आहे", "करण्यात येईल", "करण्याचे योजिले आहे", "प्रस्तावित आहे", "विचाराधीन आहे", "प्रयत्न केला जाईल". यातली कुठलीही दोन वाक्ये एकाच अर्थाची नाहीत. "विचाराधीन आहे" ही पोकळ सबब आहे असे वाटून कुणी ते गाळेल, पण लोकसभेची शासकीय आश्वासन समिती मंत्र्यांच्या कोणत्या शब्दांना आश्वासन मानायचे याची जी यादी वापरते, तिच्यात "प्रकरण विचाराधीन आहे" या अर्थाचा शब्दप्रयोग आहे. ही समिती 1953 पासून आहे आणि महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही अशी समिती असते. सभागृहात उच्चारलेल्या शब्दाचा पाठपुरावा होतो, तेव्हा पायरी वर किंवा खाली सरकवण्याची मुभा अनुवादकाला नाही.

लेखनात एक सवय आपल्याला शाळेपासून लावलेली असते, ती म्हणजे तोच शब्द पुन्हा वापरू नये. तीन वाक्यांत तीनदा "करण्यात येईल" आले की हात शिवशिवतो आणि आपण एकदा "येईल", एकदा "योजिले आहे", एकदा "करणार आहोत" असे लिहून मोकळे होतो. भाषणाच्या अनुवादात ही सवय सोडून द्यावी. मूळ भाषणात क्रियापद तेच असेल तर मराठीतही तेच ठेवावे. कानाला पुनरुक्ती खुपत नाही, उलट भाषणाची लय बहुधा तिच्यावरच उभी असते.

आपण की आम्ही

हिंदीतला "हम" आणि इंग्रजीतला "वुई" यांना मराठीत एक शब्द नाही, दोन आहेत. "आम्ही" म्हटले की श्रोता बाहेर राहतो, "आपण" म्हटले की तो आत येतो. हे वाक्यरचनेचे साधे अंग वाटते, पण वचनाचे ओझे कुणाच्या खांद्यावर हे इथेच ठरते. "हम हर गाँव तक सड़क बनाएँगे" याचे "आम्ही प्रत्येक गावापर्यंत रस्ता बांधू" केले तर सरकारने शब्द दिला. "आपण प्रत्येक गावापर्यंत रस्ता बांधू" केले तर तो आग्रह झाला, चला सगळे मिळून करू असा. उद्या रस्ता झाला नाही तर दोष समोर बसलेल्यांचाही.

मराठी वक्त्यांना "आपण" फार आवडतो, त्यात जवळीक आहे. म्हणून अनुवादकाचा हात तिकडे वळतो. माझा नियम सोपा आहे: वचनाच्या वाक्यात "आम्ही" किंवा नाव घेऊन "सरकार", भावनेच्या आणि आवाहनाच्या वाक्यात "आपण". एकाच परिच्छेदात दोन्ही आले तरी बिघडत नाही, पण दर वेळी मूळ वाक्याला विचारायचे की इथे "हम" मध्ये कोण कोण आहे. आपल्या नमुन्यात सुरुवातीला "हमारी सरकार" आहे, त्यामुळे शेवटच्या "हम" साठी "आम्ही" हेच बरोबर.

उलट्या दिशेची चूकही होते. वक्ता "मैं यह काम करूँगा" म्हणतो आणि सरकारी भाषेची सवय झालेला अनुवादक "हे काम करण्यात येईल" असे लिहितो. करणारा माणूस वाक्यातून पसार झाला. वक्त्याने स्वतःचे नाव लावले असेल तर मराठीतही त्याचेच नाव लागले पाहिजे.

मुदत, मर्यादा, अट

"पर्यंत" हा शब्द मराठीत दोन कामे करतो आणि कानावर पडताना कोणते काम चालले आहे ते कळत नाही. "मार्चपर्यंत पाणी दिले जाईल" हे वाक्य वाचून पाहा. मार्च उजाडेल तोवर पाणी मिळू लागेल, की मार्च संपला की पाणी बंद? शिवाय रकमेलाही "पर्यंत" लागतो: "मार्चपर्यंत साडेबाराशे कोटींपर्यंत". श्रोत्याच्या कानात दोन्ही एकमेकांत गुंततात. म्हणून मुदतीसाठी "च्या आत" किंवा "संपायच्या आत" घ्यावे आणि "पर्यंत" रकमेच्या मर्यादेसाठी राखून ठेवावा. "येते आर्थिक वर्ष संपायच्या आत" हे बोलायला सोपे आहे आणि त्याचे दोन अर्थ होत नाहीत.

"पुढच्या मार्चपर्यंत" मात्र चुकीचेच आहे. भाषण फेब्रुवारी 2026 मध्ये झाले असे धरू. आगामी आर्थिक वर्ष 1 एप्रिल 2026 ला सुरू होते आणि 31 मार्च 2027 ला संपते. फेब्रुवारीत "पुढचा मार्च" म्हटले तर अर्धी सभा पुढचा महिना समजते. तारीखच सांगून टाकावी असे वाटेल, आणि ते ऐकायला स्पष्टही होईल. पण मूळ भाषणात तारीख नाही, त्यामुळे वक्त्याच्या कार्यालयाची संमती मिळाल्याशिवाय ती घालू नये.

अट कुठे बसते हे आणखी नाजूक. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि टाळ्याही तिथेच पडतात. इंग्रजीत अट शेवटी लटकवायची पद्धत आहे. ती तशीच आणली तर "पाणी दिले जाईल" वर टाळ्या होतात आणि "मात्र तरतूद उपलब्ध असल्यास" हे शब्द त्या टाळ्यांत बुडून जातात. कागदावर अट आहे, सभेत ती कुणी ऐकलीच नाही. म्हणून अट नेहमी वचनाच्या आधी आणि त्याच वाक्यात. लांब वाक्य तोडायचे असेल तर हवे तिथे तोडावे, पण अट आणि तिचे वचन यांच्यामध्ये पूर्णविराम घालू नये.

"के अधीन" साठी कार्यालयीन मराठीत "च्या अधीन राहून" आहे. अर्थ अचूक, पण "अर्थसंकल्पातील तरतुदीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून" हे माइकसमोर उच्चारून पाहा. दोन "च्या" ओलांडेपर्यंत दम जातो. "निधी मिळेल तसतसे" हे सुटसुटीत आहे, पण त्यातून टप्प्याटप्प्याने काम होणार असा नवाच अर्थ निघतो. "अर्थसंकल्पात तरतूद उपलब्ध असल्यास" यात अट पूर्ण आहे आणि जीभही अडखळत नाही. भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि प्रशासन वाक्प्रयोग असे शब्द पडताळायला हाताशी असावेत, पण ते लिहिण्याच्या मराठीसाठी केलेले आहेत हे विसरू नये.

लय आणि वाक्प्रचार

वाक्प्रचार बदलायचाच असतो. हिंदीचा "एड़ी-चोटी का ज़ोर लगा देंगे" मराठीत टाच आणि शेंडी घेऊन आला तर सभा हसेल. प्रश्न इतकाच की जागेवर आलेला मराठी वाक्प्रचार त्याच पायरीवर बसतो का. "जिवाचे रान करू" चालेल, कारण दोन्हीकडे फक्त कष्टाचे वचन आहे. "तडीस नेऊ" चालणार नाही, कारण त्यात काम पुरे झाल्याची हमी येते. "कोई कसर नहीं छोड़ेंगे" साठी "कसर ठेवणार नाही" उत्तम. "ही काळ्या दगडावरची रेघ" फार मोहक आहे, पण मूळ वक्ता "पत्थर की लकीर" म्हणाला असेल तरच. तो साधे "हम करेंगे" म्हणाला असेल तर ही रेघ तुम्ही ओढली, त्याने नाही.

हिंदीतून येताना दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे शब्दही असतात. "शिक्षा" तर सगळ्यांना माहीत आहे. "चेष्टा" जास्त धोक्याचा: "सरकार की चेष्टा रहेगी" म्हणजे सरकारचा प्रयत्न राहील. घाईत तो शब्द तसाच राहिला तर सरकार लोकांची चेष्टा करणार असे जाहीर होईल. आणि आपल्या नमुन्यातला "संकल्प लिया" मराठीत "संकल्प सोडला" असाही होऊ शकतो, धार्मिक विधीत तो तसाच होतो. पण आजच्या सभेतल्या तरुण श्रोत्याला संकल्प सोडून दिला असे ऐकू येईल. "संकल्प केला" बरा.

"नल से जल" कडेही थांबून पाहावे लागते. "नळजोडणी" हा रोजचा, सोपा शब्द आहे, पण जोडणी मिळाली म्हणजे पाणी मिळालेच असे नाही हे ज्याच्या घरी कोरडा नळ आहे तो सांगेल. "नळजोडणी" लिहिले तर वचन लहान होते. "नळाने पाणी देणे" हेच ठेवावे.

आकडे वाचनाच्या प्रतीत अक्षरांत लिहावेत. 1,250 समोर आले की कुणी "एक हजार दोनशे पन्नास" म्हणेल, कुणी "बाराशे पन्नास". "साडेबाराशे" हे मराठी कानाला सगळ्यात चटकन कळते. पण सव्वा, दीड, अडीच, साडे यांची चटक लागून 2,475 चे "सुमारे अडीच हजार" करू नये. तो आकडा "दोन हजार चारशे पंच्याहत्तर" असाच जायला हवा, कितीही लांबला तरी.

वेळ मोजताना शब्दसंख्येवर विसंबू नका. हिंदीत "गाँव के लिए" हे तीन शब्द, मराठीत "गावासाठी" हा एक. शब्द कमी दिसतात पण अक्षरे तेवढीच असतात, कधी जास्त. घड्याळ लावून मोठ्याने वाचणे हा एकच उपाय. वाचताना जिथे श्वास अपुरा पडतो तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारावी. त्या रेघेवर स्वल्पविराम किंवा नवीन ओळ येते.

आता परिच्छेद पुन्हा:

"आमच्या सरकारने एक संकल्प केला आहे, तो असा.
अर्थसंकल्पात तरतूद उपलब्ध असल्यास, येते आर्थिक वर्ष संपायच्या आत, या जिल्ह्यातल्या सर्व पात्र कुटुंबांना नळाने पाणी देण्याचा प्रयत्न केला जाईल,
त्यासाठी साडेबाराशे कोटी रुपयांपर्यंतची रक्कम मंजूर झाली आहे, आणि एकही गाव आम्ही मागे ठेवणार नाही."

शेवटच्या वाक्याबद्दल दोन गोष्टी. "मागे सोडणार नाही" म्हणजे हिंदीचीच छाया. "मागे राहू देणार नाही" कानाला सगळ्यात सुंदर, पण त्यात एखादे गाव स्वतःच्या कारणाने मागे पडत असेल तर त्यालाही ओढून आणू असे जास्तीचे वचन डोकावते. म्हणून "मागे ठेवणार नाही". दुसरे म्हणजे, हे वाक्य सुटे करून पूर्णविरामानंतर ठेवले असते तर लय छान जमली असती, पण मूळ हिंदीत ते त्याच लांब वाक्याला "और" ने जोडलेले आहे आणि अर्थसंकल्पाची अट त्यालाही लागू आहे की नाही हे संदिग्ध आहे. ती संदिग्धता अनुवादकाने आपल्या मर्जीने सोडवायची नाही. वक्त्याच्या कार्यालयाला हो-नाहीत उत्तर येईल असा एकच प्रश्न पाठवावा: "गावांबद्दलचे वाक्य स्वतंत्र, विनाअट आहे असे समजावे का?" "हो" असे उत्तर आले तर वाक्य सुटे करावे, "नाही" आले किंवा उत्तरच आले नाही तर जोडलेलेच ठेवावे.

ऐकवून तपासणी आणि वाचनाची प्रत

मसुदा झाला की ज्याने मूळ भाषण पाहिलेले नाही अशा माणसाला तो ऐकवावा. वाचायला देऊ नये. एकदाच, सभेच्या वेगाने. मग त्याला विचारावे, "काय काय देणार म्हणाले? कुणाला? कधी?" त्याची उत्तरे सुरुवातीच्या यादीशी ताडून पाहावीत. "सगळ्यांना पाणी देणार" असे तो म्हणाला तर "पात्र" आणि "प्रयत्न" हे शब्द कागदावर असूनही ऐकू आलेले नाहीत. बहुधा ते वाक्यात अशा जागी आहेत जिथे आवाज उतरतो. तेव्हा शब्द बदलण्याऐवजी त्यांच्या आधी छोटा विराम द्यावा किंवा ते नव्या ओळीच्या सुरुवातीला आणावेत.

वाचणारा मराठी भाषक नसेल तर आणखी एक फेरी लागते. "ळ" चा "ल" झाल्याने अर्थ बदलेल असे शब्द शोधावेत. "काळ" चा "काल" झाला तर येणारा काळ होऊन गेलेला दिवस ठरतो. तिथे "दिवस" किंवा "वर्षे" घालून निभावते. जोडाक्षरांचे लांब समास फोडावेत. "केले" लिहायचे की "केलं" हे वाचणाऱ्याच्या बोलण्यावर ठरवा, पण एका प्रतीत एकच पद्धत ठेवा.

वाचनाची प्रत मोठ्या अक्षरांत, पानाच्या एकाच बाजूला छापावी, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नये. वचनाचे वाक्य तर मुळीच नाही. ही प्रत कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. 26 फेब्रुवारी 2018 रोजी अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राज्यपालांच्या इंग्रजी अभिभाषणाचा मराठी अनुवाद सदस्यांना ऐकू येईना, तेव्हा एका मंत्र्यांनी अनुवादकाच्या कक्षात जाऊन तो स्वतः वाचला, आणि नंतर मुख्यमंत्र्यांना सभागृहात माफी मागावी लागली. आयत्या वेळी कागद हातात घेणाऱ्यालाही न अडखळता वाचता येईल अशीच प्रत तयार हवी.

आणि वक्ता व्यासपीठावर लिहिलेले सोडून बोलला तर? तो मूळ भाषेत "प्रयास" गाळून "पानी देंगे" असे म्हणाला आणि मराठी प्रत नंतर दुसरा कुणी वाचणार आहे, असे समजा. वाचणाऱ्याने संमत मजकूरच वाचावा. वक्त्याच्या तोंडून निसटलेले वचन मराठीत पक्के करणे हे त्याचे काम नव्हे. मात्र फरक जागेवरच टिपून घ्यावा आणि प्रसिद्धिपत्रक निघायच्या आत वक्त्याच्या सचिवांना दाखवावा. त्यातले कोणते वाक्य छापायचे हे त्यांनी ठरवून सही करावी.